विटाळ, लोणचं आणि दोरीवरचं फडकं

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मुलींसमोर मासिक पाळीवर चाळीस मिनिटं बोलायचंय, महिनाभराने. परवा एकीने विचारलं, "बाई, पाळीत हात लावला की लोणचं खरंच नासतं का?" मी नाही म्हणाले, पण का ते धड सांगता आलं नाही. खरी अडचण पुढेच आहे. घरी मी स्वतः चार दिवस बाजूला बसते. सासूबाईंना दुखवायचं नाही. मग मुलींना विटाळ खोटा असं कोणत्या तोंडाने सांगू? त्यात एका आईने निरोप धाडलाय, "पोरींना नको ते शिकवू नका."
— चार दिवस बाजूला

प्रिय बाई,

मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातली पहिली नऊ वर्षं मीही बाजूलाच बसत होते. तेव्हा तोंडाची काळजी सोड. लोणच्यापासून सुरुवात करू, कारण त्या मुलीने तुला आयता प्रयोग हातात दिलाय.

एक किलो गाजरं आण आणि फोडी करून चार सारख्या बरण्यांत पाव-पाव किलो भर. कैरी किंवा लिंबू घेऊ नकोस. ती मुळातच आंबट असतात, लवकर नासत नाहीत आणि मुलींना बघायला काही मिळत नाही. दोन बरण्यांत प्रत्येकी ४० ग्रॅम मीठ, मोहरी, लिंबाचा रस आणि फोडी बुडतील इतकं गार केलेलं तेल घाल. उरलेल्या दोन बरण्यांत चिमूटभर मीठ आणि चमचाभर पाणी घाल, तेल नाही. आता प्रत्येक जोडीतली एक बरणी तू स्वतः ढवळायची, पाळी चालू असताना, धुतलेल्या कोरड्या हाताने. दुसरी बरणी त्याच दिवशी पाळी नसलेल्या कुणा शिक्षिकेने तशाच हाताने ढवळायची. कोणती कुणी ढवळली ते चिठ्ठीवर लिहून बरणीच्या बुडाला चिकटव. मुलींपैकी कुणाला या कामाला बोलावू नकोस, नाहीतर कुणाची पाळी चालू आहे ते सगळ्या वर्गाला कळेल.

पंधरा दिवसांनी बरण्या टेबलावर मांड. कोणती नासली ते आधी मुलींनाच ठरवू दे, बरण्या उलट्या करून चिठ्ठ्या नंतर वाचायच्या. कमी मिठाच्या दोन्ही बरण्यांना बुळबुळीतपणा, वास, बहुतेक बुरशीही आलेली असेल. तेल-मिठाच्या दोन्ही चांगल्या असतील. मीठ फोडीतलं पाणी ओढून घेतं, तेल हवा अडवतं, म्हणून जंतूंना वाढायला जागा राहत नाही. आपल्या आज्या ओला चमचा बरणीत घालू देत नसत, तेच खरं शास्त्र. एखादं वर्ष लोणचं बिघडायचं ते मीठ कमी पडल्याने किंवा बरणी ओली राहिल्याने, आणि आळ यायचा घरातल्या सुनेवर. चार बरण्यांनी जगातलं सगळं सिद्ध होत नाही, हेही मुलींना सांग. पण "हात लागला की नासतंच" या 'च'ला खोटं पाडायला एक चांगली राहिलेली बरणी पुरते.

या समजुतीला शिकलेले लोकही फसले आहेत, हे मुलींना जरूर सांग. व्हिएन्नाचे बेला शिक हे नामांकित डॉक्टर, घटसर्पाची चाचणी त्यांच्याच नावाने ओळखली जायची. १९२० साली त्यांनी लिहिलं की पाळी चालू असलेल्या मोलकरणीच्या हातात दिलेली फुलं कोमेजली, म्हणजे तिच्या अंगात काही विष असणार. त्या विषाला नावही मिळालं. ते विष पुढे काही टिकलं नाही. फुलं तशीही कोमेजतात.

आता भाषण. "पाळी म्हणजे शरीरातलं घाण रक्त बाहेर पडणं" हे वाक्य मुलींच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं, आणि विटाळ त्यावरच उभा आहे. त्यांना विचार, असं घाण रक्त दर महिन्याला साठत असेल तर वर्गातल्या मुलांचं काय होत असेल? हसतील. मग सांग की शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, मुलींचीही आणि मुलांचीही. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होतं. गर्भ राहिला तर तो तिथेच रुजतो. राहिला नाही तर संप्रेरकांची पातळी उतरते, अस्तर सुटतं आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर येतं. दवाखान्यात दंडातून सुईने काढतात तेच हे रक्त. वास येतो तो बाहेर आल्यावर, हवा आणि जंतू लागले की. शेवटच्या दिवशी तपकिरी-काळं दिसतं ते सावकाश बाहेर येतं म्हणून, नासलंय म्हणून नव्हे.

किती रक्त जातं हे दाखवायला खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण ने. सगळ्या पाळीत मिळून साधारण तीन-चार झाकणं रक्त जातं. बरोबर अस्तर आणि स्राव असतो, म्हणून जास्त वाटतं. कुंकवाचं पाणी करून चार झाकणं ताटलीत ओत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढंच? मला वाटायचं तांब्याभर जातं."

या सगळ्या प्रकरणात खरोखर घाण काही होत असेल तर ते फडकं, आणि त्याला घाण करते ती लाज. तुझ्या वर्गातल्या कित्येक मुली अजून जुन्या सुती साडीची घडी वापरत असतील. त्यात वाईट काही नाही. वाईट हे की धुतल्यावर ते फडकं मोरीतल्या पत्र्यामागे किंवा परकराखाली वाळत पडतं, पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून. तिथे ते वाळत नाही, नुसतं दमट राहतं. चार आठवड्यांनी तेच पुन्हा घ्यायचं. मग जांघेत खाज, पुरळ, आणि तेही कुणाला सांगायचं नाही. म्हणून धुण्याची रीत वर्गात करूनच दाखव. आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. मग साबण, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळणं, आणि मग थेट उन्हात दोरीवर. पावसाळ्यात ऊन नसेल तर शेवटी गरम इस्त्री. पूर्ण कोरडं झालं की स्वच्छ पिशवीत. कापड कडक झालं किंवा वास जाईना की टाकायचं.

फडकं असो की पॅड, चार ते सहा तासांनी बदलायचं, हे तू सांगशील. पण सांगण्याआधी शाळेचा हिशोब कर. मुलगी साडेनऊला घर सोडते, साडेपाचला परतते. आठ तास झाले. म्हणजे मधल्या सुट्टीत एकदा बदलायलाच हवं. आता उठून मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन ये. आतून कडी लागते का? बादलीत पाणी आहे का? झाकणाची कचरापेटी, पॅड गुंडाळायला रद्दीचे तुकडे? हे नसेल तर तुझं भाषण ऐकून मुलगी त्या दिवशी घरीच राहील. मुख्याध्यापकांकडून भाषणाआधी एवढं करून घे, आणि पेटी रोज कोण रिकामी करणार हेही लेखी ठरव. नाहीतर आठवड्यात ती भरून वाहते आणि पॅड संडासाच्या भांड्यात जाऊन तुंबतं. अंगणात पॅड जाळायला लावू नकोस. त्यात प्लास्टिक असतं, धूर वाईट. चार पॅड प्रयोगशाळेच्या कपाटात ठेव, आणि घेणारीचं नाव लिहून ठेवायची वही मात्र ठेवू नकोस.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्यांचा डबा ठेवशीलच. सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. नाहीतर जी लिहायला बसते तिच्याकडे सगळ्या बघतात.

कधी दवाखान्यात जायचं हे सांगताना मी एका मुलीची गोष्ट सांगायचे. नववीत होती. प्रार्थनेला दोनदा घेरी येऊन पडली. घरचे म्हणत, अंगात उष्णता आहे. मी विचारलं, पॅड किती वेळात भरतं? म्हणाली, तासा-दीड तासात, रात्री दोनदा उठते, आणि आज अकरावा दिवस. तिचं हिमोग्लोबिन ७च्याही खाली होतं. तिला ॲडमिट करावं लागलं. सात दिवसांपेक्षा जास्त, किंवा तासा-दोन तासांत पॅड चिंब, हे "सुरुवातीला होतंच" म्हणून सोडायचं नाही. पहिली एक-दोन वर्षं तारखा पुढेमागे होतात, ते चालतं. पण सलग तीन महिने पाळी आली नाही, दुखण्याने दर महिन्याला शाळा बुडते, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरूच नाही, तर डॉक्टरांना विचारायचं. आणि शाळेत आठवड्याला मिळते ती लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. तिने शौचाला काळं होतं, म्हणून मुली ती गुपचूप फेकतात. काळं झालं तर घाबरायचं नाही, हे आधीच सांग.

त्या आईला शाळेत बोलाव आणि धुण्याचा भाग तिच्यासमोर बोलून दाखव. बहुतेक जणींची भीती वेगळ्याच गोष्टीची असते. देवघराचा विषय तिने काढला तर वाद घालू नकोस. रक्तात विष नाही, एवढं विज्ञानाच्या तासाला सांगता येतं. देवाला काय चालतं ते तिथे ठरत नाही. तरीही तिने सोडलं नाही तर सोयराबाईंची आठवण दे. चोखोबांच्या या बायकोने चौदाव्या शतकात अभंगातून विचारून ठेवलंय की विटाळावाचून निर्माण झालेला देह जगात आहे तरी कोणता.

राहिलं तुझं घर. मुलींनी विचारलं तर खरं सांग: "मी बसते, घरातल्यांच्या मनाखातर. रक्त घाण असतं म्हणून नव्हे." खोटं बोललीस तर गावात दुसऱ्या दिवशी कळेल. "बायकांना विश्रांती मिळावी म्हणून हे चाललं" असं सासूबाई म्हणतील. कदाचित असेलही. पण विश्रांती म्हणजे गादी, गरम जेवण आणि दुसऱ्याने धुतलेले कपडे. तुला तरट मिळतं, आणि ताट-कपडे तूच धुतेस. तेव्हा देवघराशी झगडण्याआधी गादी माग. पुढच्या महिन्यात फडकी उन्हातल्या दोरीवर घाल. हे दोन्ही आमच्या घरी चालून गेलं. स्वयंपाकघरात जायला मात्र मला आणखी चार वर्षं लागली.

आणि तू ढवळलेली ती तेल-मिठाची बरणी घरी ने. मुलींसमोर उघडली असली तरी कोरड्या चमच्यानेच. सासूबाईंना आधी सांगून वाढ. न सांगता खाऊ घालायचं आणि मग हसायचं, असं करू नकोस. नको म्हणाल्या तर तू खा, त्यांच्यासमोर.

— ताई