(2,2) पाशी इन्व्हर्सचं डेरिव्हेटिव्ह, पण कुठल्या इन्व्हर्सचं?

प्रश्न: मी कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. u = x + y², v = y + x² हे फंक्शन (1,1) पाशी लोकली इन्व्हर्टिबल आहे का ते तपासा आणि ∂x/∂u काढा, असं गणित होतं. ∂u/∂x = 1 आलं म्हणून मी ∂x/∂u = 1 लिहिलं. सरांनी काट मारली. x आणि y हे u, v मध्ये मांडताच येत नाहीत, मग काढायचं कसं?

उत्तर:

सोप्या रूपात मांडता येत नाहीत हे खरं, पण मांडायची गरजही नाही. आधी मॅट्रिक्स लिहा:

```
J = | 1    2y |
    | 2x   1  |
det J = 1 - 4xy
```

(1,1) पाशी डिटरमिनंट −3 येतो. तो शून्य नाही, आणि u, v पॉलिनॉमियल असल्यामुळे पार्शल डेरिव्हेटिव्ह सगळीकडे कंटिन्युअस आहेत. इन्व्हर्स फंक्शन थिअरमला एवढंच लागतं. मुलं डिटरमिनंट काढतात आणि कंटिन्युइटीची ओळ गाळतात. ती लिहाच, कारण तिच्याशिवाय थिअरम लावता येत नाही.

आता डेरिव्हेटिव्ह. आधी हे फंक्शन लावलं आणि मग त्याचा इन्व्हर्स लावला की बिंदू जागच्या जागी परत येतो. चेन रूल लावला की दोन मॅट्रिक्सचा गुणाकार आयडेंटिटी येतो, म्हणजे इन्व्हर्सचं मॅट्रिक्स हे J चंच इन्व्हर्स:

```
J⁻¹ = (-1/3) |  1  -2 |  =  | -1/3   2/3 |
             | -2   1 |     |  2/3  -1/3 |
```

म्हणून ∂x/∂u = −1/3. तुमच्या उत्तराशी नुसता आकडा नाही, चिन्हही जुळत नाही. असं का, ते नीट बघा. ∂u/∂x काढताना y स्थिर असतो. ∂x/∂u मध्ये मात्र v स्थिर असतो. v = 2 धरून ठेवला तर y = 2 − x², म्हणजे x हलला की y ला हलावंच लागतं. मग u = x + (2 − x²)². याचं x = 1 ला डेरिव्हेटिव्ह 1 − 4 = −3 येतं, आणि त्याचा उलटा −1/3. दोन्ही वेळी स्थिर ठेवलेली गोष्ट वेगळी, म्हणून एकाचा उलटा करून दुसरं मिळत नाही.

खात्री हवी असेल तर u थोडा वाढवून (2.03, 2) घ्या. मॅट्रिक्स सांगतं की x साधारण 0.99 आणि y साधारण 1.02 असायला हवा. आकडे घाला: u = 0.99 + 1.0404 = 2.0304 आणि v = 1.02 + 0.9801 = 2.0001. इतक्या छोट्या सरकण्याला हे उत्तम जुळलं.

इथं एक गोष्ट उत्तरपत्रिकेत हमखास निसटते. (1,1) जातो (2,2) ला. पण (2,2) ला जाणारा तो एकटाच नाही. दोन समीकरणांची वजाबाकी केली की (x − y)(1 − x − y) = 0 मिळतं. x = y घेतलं तर (1,1) सोबत (−2,−2) ही येतो. x + y = 1 घेतलं तर x = (1 ± √5)/2 असे आणखी दोन. एकूण चार बिंदू. (−2,−2) पाशी डिटरमिनंट −15, म्हणून तिथं ∂x/∂u = −1/15. √5 वाल्या दोन्ही बिंदूंपाशी xy = −1, डिटरमिनंट 5, आणि ∂x/∂u = 1/5. तेव्हा "(2,2) ला इन्व्हर्सचं डेरिव्हेटिव्ह" एवढंच लिहिलं तर अर्थ लागत नाही. "(1,1) मधून जाणाऱ्या इन्व्हर्सचं" असं स्पष्ट लिहा. लोकली या शब्दाचा अर्थ हाच आहे.

आणि डिटरमिनंट शून्य आला तर? या फंक्शनमध्ये तसं 4xy = 1 या वक्रावर होतं. त्यावरचा (1/2, 1/2) घ्या. तिथं J चे चारही आकडे 1, म्हणून (1,−1) ही दिशा शून्यावर जाते. त्याच दिशेनं चालून बघा: (1/2 + t, 1/2 − t) ला u आणि v दोन्ही 3/4 + t² येतात. t आणि −t ची उत्तरं तंतोतंत एक. त्यामुळे कितीही लहान परिसर घेतला तरी इन्व्हर्स नाही.

पण नुसता शून्य बघून "इन्व्हर्टिबल नाही" असं लिहू नका. u = x³, v = y मध्ये (0,0) ला डिटरमिनंट शून्य आहे, तरी इन्व्हर्स आहे: x = ∛u, y = v. फक्त तो u = 0 ला डिफरन्शिएबल नाही. शून्य डिटरमिनंटवरून खात्रीनं एवढंच म्हणता येतं की त्या बिंदूपाशी डिफरन्शिएबल इन्व्हर्स मिळणार नाही. साधा इन्व्हर्स आहे की नाही, ते वरच्यासारखं बिंदूभोवती चालून ठरवावं लागतं.