अर्धवट वाक्याला काय उत्तर द्यावं?

प्रश्न: मुलगी दुसरीत आहे. अभ्यासाच्या अ‍ॅपवर अर्धंच वाक्य टाइप करून पाठवते. काल लिहिलं, "काल आजीने मला गो" आणि थांबली. पालकांना खाली उत्तर लिहिता येतं. तिने वाक्य पुरं करावं म्हणून काय लिहू?

उत्तर:

एवढंच लिहा: "काल आजीने तुला गो… पुढे काय?"

तिचेच शब्द, तिच्याच क्रमाने. फक्त "मला"चं "तुला" करायचं आणि ती जिथे थांबली तिथेच आपणही थांबायचं. दुसरीतलं मूल अक्षर अक्षर लावत वाचतं. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर त्या वाचण्यातच तिचं वाक्य डोक्यातून निसटेल.

"छान!" लिहू नका. मुलाच्या लेखी छान म्हणजे काम संपलं. "पूर्ण वाक्य लिही" हेही नको. त्यावर बरीच मुलं आहे त्याच ओळीला पूर्णविराम देऊन परत पाठवतात, नाहीतर सगळं पुसून "काल आजी आली" असलं सोपं काहीतरी लिहितात. सर्वात घातक म्हणजे "गोष्ट सांगितली का?" याला "हो" एवढं उत्तर पुरतं आणि विचार तिथेच मरतो. शिवाय ते "गो" गोळीचं असेल, गोड शिऱ्याचं असेल किंवा गोधडीचंही. तुम्ही गोष्ट म्हणालात की मूल बहुतेक वेळा तुमचीच गोष्ट मान्य करून टाकतं.

आता ती कुठे थांबली ते नीट बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे अर्ध्या वाक्यात नेमकं काय घडलं तेच राहून जातं. पण "आजीने" मधला "ने" सांगतो की तिच्या मनात दिली, सांगितली, शिवली असं घडून गेलेलं काहीतरी तयार आहे. म्हणजे विचार अडलेला नाही, अक्षर अडलंय. शब्दाच्या मध्येच ओळ तुटली की बहुधा असंच असतं. "गोष्ट" मधला "ष्ट" लिहायला मराठी की-बोर्डवर ष, मग पाय मोडायची खूण, मग ट अशा तीन कळा लागतात. "गोधडी"त ध की घ हा घोळ होतो. अशा वेळी उत्तरात जोडा: "अक्षर सापडत नसेल तर माइक दाबून बोल." याउलट ओळ "आणि", "पण" अशा अख्ख्या शब्दावर थांबली असेल तर पुढे काय म्हणायचं ते ठरलेलं नाही. तिथे "पण काय झालं?" एवढंच विचारा.

समजा, तिने "गोधडी" एवढंच पाठवलं. मग लिहा, "आजीने गोधडीचं काय केलं?" त्यावर येईल "शिवून दिलि". इथे माझा शुद्धलेखनवाल्यांशी जुना वाद आहे. त्यांचं म्हणणं, चूक तिथल्या तिथे दाखवली नाही तर पक्की होते. मला हे साफ अमान्य आहे. ज्या क्षणी तुम्ही वेलांटीवर बोट ठेवता, त्या क्षणी मूल गोधडीतून बाहेर येतं आणि वेलांटीत अडकतं. पुढच्या वेळी ते चुकेल असा शब्दच टाळतं. "गोधडी"ऐवजी "वस्तू" लिहितं. त्याऐवजी तुमच्या उत्तरात बरोबर रूप येऊ द्या: "शिवून दिली! कुठल्या कापडाची?" शेवटची वेलांटी दीर्घ, हे तिला डोळ्यांनी दिसतं. नियम चौथी-पाचवीत सांगितला तरी चालतो. नऊवारीचं जुनं लुगडं की बाबांचा शर्ट, हे आजच लिहून व्हायला हवं.

उत्तर पाठवल्यावर तिची पहिली ओळ पुसली जाते का, हेही बघा. पुसली जात असेल तर राहिलेला तुकडाच लिहू द्या आणि शेवटी तुम्ही सगळे तुकडे जोडून एकदा मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्यापासून पुन्हा टाइप करायला लावलंत तर ती कंटाळेल.

एका वाक्यामागे दोनदाच विचारा. तिसऱ्यांदा विचारलं की तो तगादा होतो. आणि ओळ पाठवल्यावर लगेच उत्तर देऊ नका, मिनिटभर थांबा. कधी कधी नुसतं चुकून बटण दाबलेलं असतं आणि उरलेलं मागून येतं. घरात अहिराणी किंवा मालवणी बोलत असाल तर क्रियापद त्या बोलीत आलं तरी वाक्य पुरं झालंच असं धरा.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच करू नका. "मला शाळेत जायचं नाही कारण" असं लिहून ती थांबली, तर खाली काही लिहू नका. फोन बाजूला ठेवा, तिला जवळ घ्या आणि तोंडी विचारा.