टेक्निकल आर्टिस्टचं कव्हर लेटर : मधल्या परिच्छेदात काय असावं?

प्रश्न : गेम आर्टची पदवी नुकतीच हातात आली आहे. दहा-बारा जणांच्या एका स्टुडिओत टेक्निकल आर्टिस्टच्या जागेसाठी अर्ज करतोय. पत्रात शेडर, पायथन, ब्लेंडर सगळं लिहिलंय, तरी ते मलाच पोकळ वाटतं. शेवटच्या वर्षी युनिटीत जंगलाचा सीन केला होता. तो ४० एफपीएसवर अडखळत होता, पानांची कार्डं बदलून मी तो ६० वर आणला. हे लिहू का, आणि कसं?

उत्तर : जरूर लिहा, आणि पत्राचा सगळ्यात मोठा परिच्छेद तोच असू द्या. सॉफ्टवेअरची यादी रेझ्युमेत असतेच. एवढ्या लहान स्टुडिओत टेक्निकल आर्टिस्ट बहुधा एकटाच असतो. दुखणं नेमकं कुठे आहे हे या मुलाला हुडकता येतं का आणि ते आर्टिस्ट व प्रोग्रामर दोघांनाही कळेल असं सांगता येतं का, हेच वाचणारा तुमच्या पत्रात शोधणार.

आधी आकडे दुरुस्त करा. एफपीएसऐवजी एका फ्रेमला लागणारा वेळ मिलिसेकंदांत द्या. १००० ला एफपीएसने भागलं की तो मिळतो. ३० वरून ५० वर गेलात तर फ्रेममागे सुमारे १३ मिलिसेकंद वाचतात. १०० वरून १२० वर गेलात तर दोनसुद्धा वाचत नाहीत. वाढ दोन्हीकडे २० चीच दिसते, म्हणून जाणकार माणूस नुसत्या एफपीएसवर विसंबत नाही.

तुमचे ६० मला जरा खटकतात. आकडा बरोबर ६० वर थांबला असेल तर व्हीसिंक चालू असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा फ्रेम आधीच तयार झाली तरी स्क्रीनची वाट पाहत थांबते आणि खरी बचत झाकली जाते. व्हीसिंक बंद करून पुन्हा मोजा. एडिटरमध्ये मोजू नका, त्याचा स्वतःचा भार आकड्यात मिसळतो, बिल्ड काढा. जुना आणि नवा सीन एकाच मशीनवर, एकाच रिझोल्यूशनला, कॅमेरा त्याच जागी ठेवून मोजा.

मग कारण. ‘सीन ऑप्टिमाइझ केला’ एवढ्याने काहीच कळत नाही. पानांचं चौकोनी कार्ड अर्धंअधिक रिकामं असतं, पण त्या रिकाम्या पिक्सेलसाठीही शेडर चालतो. अशी कार्डं एकामागे एक आली की त्याच पिक्सेलवर तेच काम पुन्हा पुन्हा होतं. हा ओव्हरड्रॉ. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे रिझोल्यूशन निम्मं करून पाहणं. वेळ झपकन उतरला तर भार पिक्सेलवर आहे; जवळपास तेवढाच राहिला तर अडचण दुसरीकडे, कदाचित ड्रॉ कॉलमध्ये. ही चाचणी तेव्हा केली नसेल तर जुन्या फाइलवर आता करा आणि मगच लिहा.

परिच्छेद साधारण असा उतरेल. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे मोजलेले घाला :

> ‘जंगलाच्या सीनमध्ये एका फ्रेमला २५ मिलिसेकंद लागत होते. मला आधी त्रिकोणांची संख्या जास्त वाटली, पण ती कमी करून फरक पडला नाही. रिझोल्यूशन निम्मं केल्यावर वेळ १२ वर आला, तेव्हा भार पिक्सेलवर असल्याचं कळलं. पानांची चौकोनी कार्डं कापून पानांच्या कडेलगत आठ बाजूंची केली. त्रिकोण वाढले, पण रिकामे पिक्सेल घटले आणि वेळ १५ वर आला. दूरच्या झाडांना याचा फायदा नव्हता, म्हणून तिथे साधी कार्डंच ठेवली. मोजमाप १९२० बाय १०८० ला, बिल्डमध्ये, व्हीसिंक बंद ठेवून.’

यातलं चुकलेल्या अंदाजाचं वाक्य गाळू नका. पहिला तर्क फसल्यावर तुम्ही पुढे काय तपासलंत, हे त्यातूनच दिसतं. मात्र तसं खरंच घडलं असेल तरच लिहा. शेवटची मर्यादाही तितकीच कामाची, कारण लांबचे बारीक त्रिकोण स्वतःच महाग पडतात आणि हे माहीत असलेला वाचणारा तिथे थांबून पाहील.

बाकीचं थोडक्यात. सुरुवातीच्या दोन-तीन ओळी त्यांचा गेम खेळून लिहा. त्यातली एखादी नेमकी गोष्ट सांगा, दोष काढत बसू नका. प्रकल्प गटाचा असेल तर तुमचं काम कोणतं ते एका वाक्यात स्पष्ट करा. पत्र एका पानात संपवा. खाली अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओची लिंक द्या : कॅमेरा तोच, आधीचं आणि नंतरचं दृश्य शेजारी-शेजारी, वायरफ्रेमसह. लिंक लॉगिन न करता उघडते का, ते दुसऱ्याच्या फोनवर तपासा.

आणि मोजणीच्या नोंदी जपून ठेवा. मुलाखतीत बहुधा पहिला प्रश्न येईल, ‘अडचण ड्रॉ कॉलची नाही, हे कशावरून ठरवलंत?’ तेव्हा तीच चाचणी, तेच आकडे समोर ठेवता आले पाहिजेत.