नवी हॅचबॅक की तेवढ्याच पैशांत तीन वर्षं जुनी सेडान?

प्रश्न: पुण्यात आहे, बजेट ९ लाख. नवी हॅचबॅक (एक्स-शोरूम ७.७५ लाख) घ्यावी की तीन वर्षं पूर्ण झालेली पेट्रोल सेडान, जी मालक ९ लाखांना देतोय आणि नवी आज एक्स-शोरूम १२.७५ लाखांना आहे? पाच-सहा वर्षं वापरून विकणार. किंमत कुणाची कमी उतरेल?

पाच-सहा वर्षं वापरणार असाल तर हॅचबॅकची. दोन-तीन वर्षांत विकणार असतात तर मी सेडान सांगितली असती.

"पहिल्या तीन वर्षांची घट पहिल्या मालकाने सोसली" हे खरं आहे, मीही त्याच हिशेबाने सेडान घेतली होती. २०१८च्या दिवाळीत मी तीन वर्षं जुनी सेडान साडेसहा लाखांना घेतली आणि माझ्या मेव्हण्याने त्याच आठवड्यात नवी हॅचबॅक ६.६० लाखांना, ऑन-रोड. तीन वर्षांनी दोघांनी सहज भाव काढले तेव्हा माझ्या गाडीला ४.७० लाख सांगितले, त्याच्या गाडीला ४.६०. माझे १.८० लाख उतरले होते, त्याचे दोन. इथवर मी पुढे होतो. २०२४मध्ये दोघांनीही गाड्या विकल्या. माझी गेली २.६० लाखांना, त्याची ३.७० लाखांना. म्हणजे नंतरच्या तीन वर्षांत त्याचे ९० हजार गेले आणि माझे २ लाख १० हजार.

कारण गाडीच्या वयात आहे. माझी तेव्हा नऊ वर्षांची होती. जुन्या गाडीला कर्ज देताना बऱ्याच बँका हप्ते संपेपर्यंत गाडी साधारण दहा वर्षांच्या आत असावी असं बघतात. मला दोन चांगली गिऱ्हाइकं आली, गाडी आवडली, पण कर्ज बसेना म्हणून परत गेली. उरले रोख पैसे देणारे, आणि रोख अडीच-तीन लाख मोजणाऱ्याला सहसा लहान, जास्त अ‍ॅव्हरेजची गाडी हवी असते. मेव्हण्याची सहा वर्षांची हॅचबॅक मात्र कर्जावर सहज गेली. तुम्ही विकाल तेव्हा तुमची सेडान आठ-नऊ वर्षांची असेल, नेमकी त्याच टप्प्यावर.

नव्या गाडीचा तोटा पहिल्याच दिवशी होतो, तोही पूर्ण धरा. ७.७५ लाखांवर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सुमारे ८५ हजार. विमा वगैरे धरून गाडी ९ लाखांवर जाते. हे वरचे सव्वा लाख विकताना कुणी वेगळे मोजून देत नाही. पण सेडानही ९ लाखांत घरी येत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता वाढतो. शिवाय चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर झाले असतील तर चारही टायर आणि बॅटरी लवकरच येतात. साठ-सत्तर हजार बाजूला ठेवा.

आणखी एक गोष्ट. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. आठ वर्षांच्या सेडानचा बंपर हा पावणेतेरा लाखांच्या गाडीचाच बंपर असतो. भागांची घट न कापता भरपाई देणारा झिरो डेप विमा बहुतेक कंपन्या पाच वर्षांपर्यंतच सहज देतात, म्हणजे तुम्हाला जेमतेम दोन वर्षं. त्यानंतर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचा निम्मा खर्च खिशातून.

तरीही सेडानवर मन असेल (लांबचा प्रवास खूप असेल तर मी ते समजू शकतो) तर ९ लाखांना घेऊ नका. मालक तीन वर्षांपूर्वीचं बिल दाखवेल, ते बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी बदलला. तुम्ही बघताय तशा मोठ्या गाडीवरचा एकूण कर ४५ टक्क्यांवरून ४० झाला, लहान पेट्रोल गाडीवरचा २९वरून १८. त्यामुळे हिशेब आजच्या नव्या किमतीवरून लावायचा. विम्याच्या आयडीव्हीत, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिच्यात, तीन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ४० टक्के घट धरतात. १२.७५ लाखांतून ती घट वजा जाता ७.६५ लाख उरतात. आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे, पण बोलणी तिथून सुरू करता येतात. मालकाकडून चालू पॉलिसी मागा आणि त्यावरचा आकडा बघा. आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्षही तपासा. डिसेंबरात बनलेली गाडी फेब्रुवारीत पासिंग झाली असेल तर मालक तिला तीन वर्षांची म्हणतो, पण तुम्ही विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्ष धरून एक वर्ष जास्त मोजेल.

मी तुमच्या जागी असतो तर सेडानला ८ लाखांच्या वर गेलो नसतो. तेवढ्याला आली, तर सहा वर्षांनंतरचा फरक बराचसा भरून निघतो. ९ लाखांवरच अडून बसला तर हॅचबॅक बुक करा.