कथासारात ‘म्हणून’ जपून लिही

अगं, शनिवारच्या वाचनासाठीचं तुझं कथासार वाचलं. इंदूरच्या सराफ्यातली ती कथा: सून पाटल्या गहाण ठेवायला जाते, दुकानदार त्या ओळखतो, ती परत फिरते. तू लिहिलंस, ‘अपमान सहन न झाल्याने ती निघून जाते.’ कथेत अपमान कुठे आहे? ती पदर सावरते आणि पायऱ्या उतरते, एवढंच आहे. कारण तू पुरवलंस. ‘पाटल्या न ठेवताच ती परत फिरते’ असं लिही.

मात्र पात्राच्या मनातलं लेखकाने स्वतः सांगितलं असेल, तर ते गाळू नकोस, तेही कथानकच. सून उधळी आहे हे फक्त सासू म्हणते, तेव्हा ‘सासूच्या मते’ हे शब्द हवेतच.

सार झालं की प्रत्येक ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ आणि भावनेच्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार. त्याचा आधार कथेत बोट ठेवून दाखवता आला नाही, तर तो शब्द काढ. शेवटी पाटल्यांचं काय झालं हे कथेत नाही, तर सारातही नको. तुझा तर्क मला आवडला, तो चर्चेत नक्की मांड.