दिवाळीत आखूड झालेली पँट

*ताई, मी नववीत आहे, वजन ४६ किलो. भोसलाच्या ग्राउंडवर ८०० आणि १५०० मीटरची प्रॅक्टिस करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सर स्पीडवर्क घेतात. जुलैपासून चुलतभाऊ मला सिडकोतल्या त्याच्या जिममध्ये नेतो, आठवड्यातून सहा दिवस. स्क्वॉट ५० किलोवर आलाय. आधी खाली नीट बसता यायचं, आता टाचेखाली प्लेट ठेवावी लागते. दादा म्हणतो, वजन वाढवत राहा. बाबा म्हणतात, वजनं उचलून उंची खुंटते, जिम बंद. उंचीचं म्हणाल तर जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट दिवाळीत आखूड झाली, आई चिडली. टाइम मात्र सुधारत नाही. मी कोणाचं ऐकू?*

*– नववीतला धावपटू, नाशिक*

अरे बाळा, पँटचं ऐक.

अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य तेवढंच आहे आणि ते तू आईच्या रागासाठी खर्च केलंस. मुलगे साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळ्यात झपाट्याने वाढतात. त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढणं अगदी नेहमीचं आहे. त्यात पाय आधी लांबतात, धड मागून येतं. म्हणून शर्ट बसतो आणि पँट आखूड होते. जुलैत तू ज्या पायांनी स्क्वॉट शिकलास, ते पाय आता राहिलेले नाहीत.

तुझ्या टाचेखालची प्लेट तिथूनच आली. मांडीचं हाड लांबलं की खाली बसताना कंबर जास्त मागे जाते, मग तोल सांभाळायला छाती पुढे झुकते. पोटऱ्या त्या मानाने ताठ राहिल्या की घोटा पुरेसा वाकत नाही आणि टाच उचलते. शरीर सांगत होतं की या मापाची सवय अजून झालेली नाही. तुम्ही दोघांनी टाचेखाली प्लेट सरकवून त्याचं तोंड बंद केलंत आणि वर बारवर आणखी वजन चढवलंत. दादाचा जीव तुझ्यावर आहे हे मान्य, पण इथे तो साफ चुकला.

बाबांना सांग, नीट शिकून, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. मात्र वाढत्या हाडांच्या टोकांना कूर्चेचा एक पट्टा असतो, हाड तिथून लांबतं आणि तो भाग हाडाइतका टणक नसतो. तोल गेलेल्या जड वजनाखाली इजा होते ती अशा कच्च्या जागी. तेव्हा बाबांची भीती अगदीच हवेतली नाही, फक्त बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलंय.

आता बार ठेवून दे. कमी वजन लावून सुद्धा नको. जिममधला मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो आणि तो मानेमागे बसतो. तू पाच किलोचं एक डंबेल घे. ते उभं धरून दोन्ही तळव्यांनी वरच्या गोळ्याला आधार दे आणि छातीला चिकटव. याला गॉब्लेट स्क्वॉट म्हणतात. वजन पुढे असल्याने ते तोल सांभाळतं, त्यामुळे तुझ्या लांब पायांनाही छाती उभी ठेवून बसता येतं. जमलं नाही तर डंबेल पुढे सोडून देता येतं, मानेवर काही अडकत नाही.

मागे गुडघ्याच्या उंचीचं स्टूल ठेव. पाय खांद्याइतके लांब, चवडे किंचित बाहेर. तीन आकडे मोजत खाली ये, स्टुलाला जेमतेम टेक, अंग सैल सोडू नकोस आणि ऊठ. टाच पूर्ण जमिनीवर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. ते आत कोसळले तर ती फेरी मोजायची नाही. दादाला काम द्यायचंच असेल तर त्याच्या हातात फोन दे आणि बाजूने व्हिडिओ काढायला सांग. पहिला स्क्वॉट आणि शेवटचा एकामागोमाग बघा. शेवटचा वेगळा दिसला तर सेट दोन स्क्वॉट आधीच संपायला हवा होता. घरी ज्या बैठका मारतोस (मारत असशीलच) त्या सध्या थांबव. त्यांत टाचा उचलतात आणि गुडघे खूप पुढे जातात, आत्ता तुला नेमकं तेच नको आहे.

दुसरा व्यायाम कंबरेतून वाकण्याचा. झाडूचा दांडा पाठीवर उभा धर. डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, अशा तीन ठिकाणी तो टेकला पाहिजे. गुडघे थोडेसे सैल ठेव आणि मागचं दार पार्श्वभागाने ढकलतोयस असं समजून कंबर मागे ने. तिन्हींपैकी एक जागा सुटली की पाठ वाकली, तिथूनच परत ये. महिनाभर नुसता दांडा, मग हातात डंबेल. धावताना पाय मागे ढकलणारे स्नायू याने तयार होतात, आणि ८०० च्या शेवटच्या दोनशे मीटरला तुला तेच हवे असतात.

यांना जोडून पायरीवर हात टेकून पुश-अप आणि दोन्ही कुशींवर वीस-वीस सेकंद साइड प्लँक. बस, चारच गोष्टी. आधी पाच-सात मिनिटं हलकं धावणं किंवा दोरीवरच्या उड्या. व्यायाम आठ-आठचे दोन सेट, मध्ये दीड मिनिट थांबायचं. अर्ध्या-पाऊण तासात घरी.

आणि सहा दिवस नाही, दोन. बुधवार आणि शनिवार. स्पीडवर्क मंगळवारी-शुक्रवारी असतं, त्यामुळे त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी-गुरुवारी, पाय मोकळे राहतात. व्यायामाचं दुखणं बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवतं, तेव्हा गुरुवारी हलकं धाव आणि रविवारी सुट्टी घे. स्नायू भरून येतात ते या मधल्या दिवसांत. टाइम का सुधारत नाही याचा शोध घ्यायची गरजच नाही. आठवड्यातून सहादा दमवलेले पाय तू ट्रॅकवर नेत होतास. हे सरांना माहीत नसेल तर उद्याच सांग.

पहिले चार आठवडे वजन तसंच राहील, सेट आठवरून हळूहळू बारावर जातील. बारा-बाराचे दोन सेट लागोपाठ दोन वेळा स्वच्छ झाले की साडेसात किलोचं डंबेल घ्यायचं. पाचवरून साडेसात म्हणजे वजन एकदम दीडपट, म्हणून पुन्हा आठवर उतरायचं आणि बारापर्यंत नव्याने चढायचं. 'एकदाच उचलून बघू किती जातं' हा खेळ या वयात नाही.

आज एक तपासणी कर. गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर नडगीचा उंचवटा लागतो, तो अंगठ्याने दाब. दोन्ही पायांना दाबून बघ. वाढीच्या वयात मांडीचा स्नायू तिथे ओढ देतो आणि धावणाऱ्या मुलांचा तो भाग सुजतो. दाबल्यावर कळ आली तर स्क्वॉट आणि उड्या बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखव. लंगडणं, रात्री ठणकणं किंवा सूज असेल तर धावणंही बंद, आणि डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं.

येत्या रविवारी सकाळी उठल्या उठल्या भिंतीला टाचा लावून उभा राहा, आईला डोक्यावर वही आडवी धरायला सांग आणि पेन्सिलने खूण करून तारीख लिही. संध्याकाळी मोजू नकोस, दिवसभरात उंची सेंटिमीटरभर दबते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक खूण. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त अंतर पडलं तर डंबेल बदलायचं नाही, जे आहे तेच घोटायचं. अंतर कमी झालं, टाच जमिनीवर राहिली आणि व्हिडिओत शेवटचा स्क्वॉट पहिल्यासारखा दिसला की मला पुन्हा लिही, मग बारचं बोलू. आणि आईला म्हणावं, पुढची पँट खाली चार बोटं दुमड ठेवून शिवून घे.