885 रुपयांचं भांडण आणि 43 हजारांची गळती

"नमस्कार सर. मी तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख 12 होती, शुक्रवार. त्याच रात्री अकराच्या सुमारास मी मोबाइलमधल्या ॲपवरून नेहमीप्रमाणे मिनिमम 4,250 रुपये भरले. खात्यातून पैसे गेले, ॲपवर 'यशस्वी' आलं. पण बँकेच्या कार्डखात्यात ते मंगळवारी, 16 तारखेला दिसले, आणि 750 रुपये लेट फी अधिक जीएसटी लागला. मी बँकेला यूपीआयचा नंबर दिला, तर म्हणतात हा चालत नाही. एकूण बिल 85 हजार आहे. त्यात 60 हजार विम्याचा हप्ता आहे, एजंटनं पॉइंट मिळतात म्हणून कार्डावर भरायला लावला होता. गेले पाच महिने मी एकदाही तारीख चुकवलेली नाही. पतसंस्थेत लाखाची ठेव आहे, ती मुलीसाठी आहे, तिला हात लावत नाही. ही लेट फी परत कशी मिळवू?"

लेट फीचं आधी उरकून टाकू, कारण ती तुमची सगळ्यात लहान अडचण आहे.

तुम्ही हिशेबाचा माणूस, त्यामुळे तुमच्याच भाषेत सांगतो. गाडी निघाल्याची बिल्टी वेगळी आणि माल उतरल्याची पावती वेगळी. तुमच्या बचत खात्यातून पैसे यूपीआयनं ॲपकडे गेले, तो पहिला टप्पा. तिथून ते भारत कनेक्टच्या, म्हणजे पूर्वीच्या भारत बिल पेमेंटच्या जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातात, आणि शेवटी बँक ते तुमच्या कार्डाच्या खात्यावर जमा दाखवते. तुम्ही दिलेला बारा आकडी यूपीआय नंबर फक्त पहिल्या टप्प्याचा पुरावा आहे. बँकेला हवा असतो तो भारत कनेक्टचा व्यवहार क्रमांक. ॲपमध्ये त्या व्यवहाराची पूर्ण पावती उघडा, त्यावर यूपीआयपेक्षा वेगळा असा तो क्रमांक असायला हवा. पावतीवर तो नसेलच, तर तुमचे पैसे त्या रस्त्यानं गेले का, हे आधी ॲपवाल्यांना विचारा. ॲपवरून भरायची कार्डबिलं याच जाळ्यातून जावीत, असं रिझर्व्ह बँकेनं 1 जुलै 2024 पासून ठरवलेलं आहे.

जाळं रात्रंदिवस चालतं, पण ॲपची आणि बँकेची जुळवाजुळव मागे पडू शकते. शुक्रवारी रात्री अकराला भरलं, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी मेळ बसला असेल आणि मंगळवारी नोंद दिसली असेल.

इथे एक नियम तुमच्या बाजूचा आहे. शेवटच्या तारखेनंतर थकबाकी तीन दिवसांपेक्षा जास्त राहिली, तरच बँकेला लेट फी लावता येते आणि क्रेडिट ब्युरोकडे थकबाकीदार म्हणून कळवता येतं. तुमचे 13, 14, 15 हे तीन दिवस झाले आणि 16 हा चौथा. म्हणून स्टेटमेंट काढून बघा: त्या 4,250 समोर व्यवहाराची तारीख 12 किंवा 13 लिहिली आहे, की 16? नोंद उशिरा पडली पण तारीख आधीची असेल, तर फी चुकीची आहे. तारीख 16 असेल तर उशीर कुठे झाला ते ॲपकडून लेखी घ्या आणि भारत कनेक्टच्या क्रमांकासह बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. बरेचदा तिथपर्यंत जावं लागत नाही. पहिलीच चूक असेल तर बँका नीट मागितल्यावर फी सोडतात.

पुढच्या वेळी शेवटच्या दिवशी भरायचं झालं, तर थेट बँकेच्या ॲपमधून भरा. दुसऱ्या ॲपवरून भरलेले पैसे दोन दिवसांत दिसले नाहीत तर वाट बघत बसू नका, मिनिमम रक्कम बँकेत पुन्हा भरा. दोनदा गेले तरी ते कार्डावर जमा राहतात आणि पुढच्या बिलातून वळते होतात.

हे झालं 885 रुपयांचं. आता तुम्ही न विचारलेलं.

"एकदाही तारीख चुकवलेली नाही" असं तुम्ही अभिमानानं लिहिलंय. मिनिमम भरल्यानं फक्त लेट फी टळते. व्याज टळत नाही, आणि ते उरलेल्या रकमेवर खरेदीच्या तारखेपासून लागतं. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो, 3.6 धरा. 85 हजारांवर तीन हजारांहून थोडं जास्त व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 3,600. तुम्ही भरलेल्या 4,250 मधून मुद्दल फिटतं जेमतेम साडेसहाशे. वर्षाला 43 हजार रुपये नुसते जातात. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, कार्डावर भरलेल्या पेट्रोलवरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज.

आणि हे सगळं कशासाठी? 60 हजारांच्या विम्याच्या हप्त्यासाठी. असल्या बचतीच्या पॉलिसीत पाच-सहा टक्क्यांपलीकडे क्वचितच काही मिळतं. ते मिळावं म्हणून तुम्ही 43 टक्क्यांनी, वर जीएसटी, असं कर्ज काढलंय. पॉइंटांचं म्हणाल तर 60 हजारांवर फार तर पाच-सहाशे रुपयांचे पॉइंट मिळाले असतील. एका महिन्याचं व्याज त्याच्या सहापट आहे. कार्डावर हप्ता भरा म्हणणाऱ्या एजंटचं कमिशन त्याच दिवशी पक्कं झालं, व्याज तुमच्या गळ्यात. मला अशा सल्ल्याचा राग येतो, लपवत नाही. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत गेली आहे. पुढचा हप्ता यायच्या आत पॉलिसीचे कागद घेऊन बसा: ऑक्टोबर 2024 नंतर घेतली असेल तर पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर काहीतरी सरेंडर रक्कम मिळायला हवी. ती किती, हे विचारूनच दुसरा हप्ता भरायचा की नाही ते ठरवा. कार्डावर तर अजिबात भरू नका.

आता ती लाखाची ठेव. मुलीसाठी ठेवलेली ठेव वर्षाला समजा आठ टक्के देते, म्हणजे आठ हजार. तिच्याच घरातून 43 हजार बाहेर जातायत. ठेव मोडवत नसेल तर मोडू नका, तिच्यावर ठेवतारण कर्ज घ्या. दहा टक्के दर धरला तरी 85 हजारांवर वर्षाला साडेआठ हजार होतात, आणि महिन्याला 4,250 भरत राहिलात तर दोन वर्षांच्या आत ते फिटतं. (पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेतल्यासारखं पाच लाखांचं विमासंरक्षण नसतं, हेही लक्षात असू द्या. तो विषय वेगळा, पण लाख रुपये तिथे 'सुरक्षित' आहेत असं धरून चालू नका.)

कर्जाचे पैसे हातात आले की आधी बँकेला फोन करून आजच्या तारखेला कार्ड पूर्ण चुकतं करायला नेमके किती लागतात ते विचारा, आणि तेवढे बँकेच्याच ॲपमधून भरा. तरीही पुढच्या स्टेटमेंटवर दीड-दोन हजार व्याज दिसेल. ते मागच्या स्टेटमेंटपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं असतं, चूक नव्हे. तेवढं पूर्ण भरा, मिनिमम नव्हे, आणि पुढचं स्टेटमेंट शून्यावर येईपर्यंत कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा.